पुस्तकाच्या नावात ‘निवृत्ती’ नको, ‘पगार’ हवा

‘आपलं पुस्तक हेसुद्धा एक प्रॉडक्टच’ या व्हिडिओत नावाचा विषय पाच मिनिटांत उरकला होता. तो पाच मिनिटांचा नाही, म्हणून इथे नीट लिहितो.

काही महिन्यांपूर्वी भंडाऱ्यात माझ्याकडे एक निवृत्त लेखापाल आले. उभी हयात एका कारखान्याच्या पगार विभागात गेलेली. पीएफचा फॉर्म कुठे अडतो, ग्रॅच्युइटीचा हिशोब कामगाराला का कळत नाही, हातात आलेली एकरकमी रक्कम दोन वर्षांत कशी संपते, हे सगळं त्यांनी टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं. त्यावर त्यांनी दीडशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. भाषा इतकी साधी की मी एका बैठकीत साठ पानं वाचली. नाव मात्र होतं ‘सेवानिवृत्ती नियोजन : एक परिपूर्ण मार्गदर्शक’.

मी म्हटलं, “सर, आतलं पुस्तक तुमचं आहे, पण नाव परिपत्रकाचं आहे.”

ते थोडे नाराज झाले. “विषय निवृत्तीचा आहे, मग नावात निवृत्ती नको तर काय पाहिजे?”

बहुतेक लेखक हेच म्हणतात. पुस्तकाचा विषय तेच पुस्तकाचं नाव, असं त्यांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. नावाचं पहिलं काम म्हणजे ज्याला हे पुस्तक वेळेवर लागणार आहे, त्याचा हात पुस्तकाकडे नेणं. आता हे पुस्तक कोणाला लागणार आहे? जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतला, वरठीच्या स्टील कारखान्यातला, चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीतला किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतला माणूस, ज्याचं वय आज अडतीस-चाळीस आहे. त्याच्या हातात अजून अठरा-वीस वर्षांचा पगार आहे. नियोजन करायचं ते त्या पगारातूनच.

आणि ‘सेवानिवृत्ती’ लिहिलेलं पुस्तक कोण विकत घेईल? शाळेतले सहकारी घेतील आणि निरोप समारंभात शाल-श्रीफळासोबत गुरुजींच्या हातात देतील. म्हणजे आतल्या हिशोबाचा अर्धा उपयोग ज्या दिवशी संपतो, नेमक्या त्याच दिवशी पुस्तक वाचकाच्या घरी पोहोचेल! चाळिशीतला माणूस ते नाव वाचून म्हणेल, “बाबांसाठी घेऊन टाकू.” स्वतःसाठी घेणार नाही.

‘निवृत्ती’ या शब्दाची मराठीत आणखी एक अडचण आहे. तो शब्द आधीपासूनच दुसऱ्या घरचा आहे. निवृत्तीनाथ म्हणजे ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू. ‘प्रवृत्ती-निवृत्ती’ ही जोडी प्रवचनातली. सरांनी आधी नुसतं ‘निवृत्ती’ हे नाव ठरवलं होतं, तेव्हा एका वाचनालयात डमी दाखवल्यावर तिथल्या ताईंनी न उघडता विचारलं, “हे अध्यात्मात ठेवायचं ना?” त्यांचं काहीच चुकलं नाही. पुस्तक कपाटात उभं राहिलं की फक्त कणा दिसतो. दीडशे पानांच्या पुस्तकाचा कणा एक सेंटिमीटरच्या आसपास, त्यावर उपशीर्षक मावत नाही. म्हणून मुख्य नावाला एकट्याने उभं राहता आलं पाहिजे.

मग ‘पेन्शन’ घ्यायचं का? हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, पण प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ आधी लागलेल्या शिक्षकासाठी पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या साधारण निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता. त्यानंतर लागलेल्यासाठी पेन्शन म्हणजे जुनी योजना परत मिळावी यासाठीचा मोर्चा. आणि खासगी कारखान्यातल्या कामगारासाठी पेन्शन म्हणजे ईपीएस-९५. तिचं सूत्र असं : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. २०१४ पासूनची पंधरा हजारांची मर्यादा आणि तीस वर्षांची पेन्शनपात्र सेवा धरली, तर महिन्याला ६,४२८ रुपये येतात. चाळीस हजार पगार घेणाऱ्यालासुद्धा सूत्र तेच, मर्यादा तीच. एका शब्दाने तीन वाचक तीन वेगळ्या गोष्टींची अपेक्षा ठेवून पुस्तक उघडणार असतील, तर दोन जण फसवल्यासारखे परत जातील.

‘साठीनंतर’ हेही नाव यादीत होतं. छान वाटतं कानाला. पण जिल्हा परिषदेचा शिक्षक अठ्ठावन्नला घरी बसतो, ईपीएसची पूर्ण पेन्शनही अठ्ठावन्नलाच सुरू होते. नावातच दोन वर्षांची चूक!

सरांच्या मुलाचा आग्रह आकड्याचा होता. ‘एक कोटीची निवृत्ती.’ आकडा विकतो, हे मी नाकारत नाही. पी. व्ही. सुब्रमण्यम यांच्या ‘रिटायर रिच’ या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच रोज चाळीस रुपये गुंतवा असं आहे, आणि चाळीस रुपये हा आकडा घाबरवत नाही, उलट जवळ बोलावतो. एक कोटीचं तसं नाही. महागाई सहा टक्के धरली तर दर बारा वर्षांनी भाव दुप्पट होतात. चोवीस वर्षांनी हातात येणाऱ्या एक कोटीची किंमत आजच्या पंचवीस लाखांएवढी. म्हणजे पुस्तकाच्या आत सर स्वतःच समजावून सांगतात की मोठ्या आकड्याला भुलू नका, आणि मुखपृष्ठ मात्र त्याच आकड्याने भुलवतं. असं नाव मी माझ्या शत्रूलाही सुचवणार नाही.

शेवटी आम्ही पगार विभागातच परत गेलो. मी सरांना विचारलं, “माणसं तुमच्या टेबलापाशी येऊन नेमकं काय विचारायची?” ते म्हणाले, “निवृत्ती हा शब्द कोणीच नाही वापरायचं. म्हणायचे, साहेब, पगार बंद झाल्यावर महिन्याला किती भेटन?”

तिथे नाव सापडलं असं वाटलं : ‘पगार थांबल्यावर’. तीन डमी मुखपृष्ठं छापली. रंगीत झेरॉक्सच्या दुकानात तासाभरात काम झालं, दोनशे रुपयेही लागले नाहीत. एकावर ‘सेवानिवृत्ती नियोजन’, दुसऱ्यावर ‘एक कोटीची निवृत्ती’, तिसऱ्यावर ‘पगार थांबल्यावर’. टिम फेरिस या अमेरिकन लेखकाने २००७ साली आलेल्या ‘द फोर-अवर वर्कवीक’चं नाव गूगलवर वेगवेगळ्या नावांच्या जाहिराती लावून, लोक कशावर क्लिक करतात ते बघून ठरवलं होतं. कल्पना तीच, फक्त आपल्याला क्लिकपेक्षा जास्त माहिती हवी होती. म्हणून आम्ही ‘कोणतं आवडलं?’ हा प्रश्न विचारलाच नाही. त्यावर लोक समोरच्याला बरं वाटेल ते बोलतात. आम्ही विचारलं, “हे पुस्तक कोणासाठी आहे? आत काय असेल?” आणि दोन दिवसांनी फोन करून विचारलं, “त्या दिवशीचं कोणतं नाव आठवतं?”

कोटीचं नाव सगळ्यांना आठवलं, पण “आत काय असेल?” याला उत्तर होतं “शेअर मार्केट असन.” ‘सेवानिवृत्ती नियोजन’ कोणालाच धड आठवलं नाही. ‘पगार थांबल्यावर’ आठवलं, पण एका शिक्षिका ताईंनी आमची चूक पकडली. “आमचा पगार तर दर दोन-तीन महिन्यांनी थांबते, त्याचं पुस्तक आहे का सर?” शिक्षकांच्या भाषेत ‘पगार थांबला’ म्हणजे बिल अडकलं! शिवाय ‘थांबल्यावर’ म्हणजे पुन्हा नंतरचीच गोष्ट, पुन्हा निरोप समारंभ.

एक शब्द बदलला, एक प्रत्यय बदलला. ‘शेवटच्या पगाराआधी’. ‘शेवटचा पगार’ म्हटलं की बिल अडकल्याचा संशय येत नाही. ग्रॅच्युइटीचा हिशोबही शेवटच्या पगारावरच होतो, त्यामुळे पुस्तकात तो शब्द शंभरदा येतोच. आणि ‘आधी’ने चाळिशीतल्या माणसाला सांगितलं की हे तुझं आहे, बाबांचं नाही.

आता उपशीर्षक. मुख्य नावातून हाकललेली ‘निवृत्ती’ इथे मी स्वतःहून परत आणली. कारण शोधणारा माणूस मोबाईलवर `retirement planning in marathi` टाईप करतो, नाहीतर ‘निवृत्ती नियोजन’. हे शब्द कुठेतरी हवेतच. ‘नोकरदार’ आणि ‘नियोजन’ यांच्या मध्ये बसली की ‘निवृत्ती’ अध्यात्माच्या कपाटात जात नाही. उपशीर्षकाने कोणासाठी आणि आत काय, एवढंच सांगायचं : ‘नोकरदारांच्या निवृत्ती नियोजनाचा साधा हिशोब : पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बचत’. पीएफऐवजी ‘फंड’ लिहावं असं सरांचं म्हणणं होतं, कामगार फंडच म्हणतात. पण आजकाल फंड म्हटलं की म्युच्युअल फंडही डोळ्यासमोर येतो. योजनांची ताजी नावं मात्र मुद्दाम टाळली. केंद्राची यूपीएस १ एप्रिल २०२५ पासून आली, उद्या आणखी काही येईल. ती मलपृष्ठावर घ्या, पुढच्या आवृत्तीत बदलता येतात.

नाव कोणी चोरेल का, ही भीती सगळ्यांनाच असते. २०१५ मध्ये ‘देसी बॉईज’ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नसतो हे स्पष्ट केलं. त्यामुळे कोणी तेच नाव घेतलं तर कॉपीराइटचा दावा चालणार नाही, आणि तुमचं नावही आधी कुणाचं आहे का हे तुम्हीच शोधून घ्या. शोधा, कारण वाचक गोंधळला तर नुकसान तुमचंच. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो. त्या अर्जात, मुखपृष्ठावर आणि आतल्या शीर्षकपानावर नाव अक्षरशः एकच ठेवा. एका ठिकाणी ‘पगाराआधी’ आणि दुसरीकडे ‘पगारापूर्वी’ झालं, तर ऑनलाइन दोन वेगळी पुस्तकं दिसतात.

फाईल प्रेसला जायच्या आदल्या रात्री सरांचा फोन आला. “उपशीर्षकात ‘परिपूर्ण’ कुठेतरी बसते का बघा ना.” मी विचारलं, “पुस्तकात इन्कम टॅक्सचं प्रकरण आहे का?” नव्हतं. “मृत्युपत्राचं?” तेही नव्हतं. ते हसले आणि म्हणाले, “मग ‘साधा’च राहू द्या.”