चौकोनांआडचा चेहरा

‘चेहऱ्यावर चौकोन टाकले की मूळ चित्र परत मिळत नाही, म्हणून पीडितेची ओळख सुरक्षित राहते’, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान निम्मेच खरे आहे. १६० पिक्सेल रुंद आणि तितकाच उंच चेहरा १६ पिक्सेलच्या चौकोनांत विभागला, तर १०० चौकोन उरतात आणि प्रत्येकात २५६ बिंदूंची सरासरी असते. सरासरीवरून मूळ बिंदू काढता येत नाहीत, हे मान्य. (भोवऱ्यासारखा पिळलेला चेहरा मात्र उलट पिळून मिळतो, २००७ साली इंटरपोलने प्रसिद्ध केलेले एका संशयिताचे छायाचित्र असेच उलगडले होते.)

पण ओळख पटवायला मूळ चित्र लागतेच कुठे? संशय असलेल्या वीसजणींच्या फोटोंवर तेच चौकोन टाकायचे आणि कोणते १०० रंग सर्वांत जवळ जातात ते पाहायचे. चित्रफितीत तर मान हलली की प्रत्येक चौकटीत नवी सरासरी मिळते, म्हणजे माहिती वाढतच जाते.

‘एवढी खटपट कोण करणार?’ असा आक्षेप येईल. गावात ती करावीही लागत नाही. साडी, दारावरचे तोरण, शेजारी बसलेला उघड्या चेहऱ्याचा भाऊ पुरे होतो. म्हणून चेहऱ्यासह केस, कपडे आणि पार्श्वभूमीवर एकरंगी अपारदर्शक पट्टी टाकावी, आणि ती वेगळ्या थरात न ठेवता चित्रातच मिसळून मगच फाइल बाहेर द्यावी.

— एक वाचक