बाळाच्या पहिल्या वर्षाचा हिशेब

सोमेश्वरनगर परिसरात बऱ्याच घरांची कमाई कारखान्याच्या हंगामावर चालते. बाळाचा खर्च मात्र हंगाम पाहून येत नाही. समजा, एका ट्रॅक्टरचालकाच्या घरी जूनच्या सुरुवातीला बाळ येणार आहे. तेव्हा ऊसवाहतूक बंद असते. म्हणून डिसेंबर ते एप्रिल दरमहा तीन हजार बाजूला काढायचे, म्हणजे पंधरा हजार होतात. ते कसे वापरायचे?

लसींसाठी यातले काहीच लागत नाही. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब, मग दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा, न्यूमोनियाची लस आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, हे सारे सरकारी केंद्रात मोफत मिळते. न्यूमोनियाची लस अडीच महिन्यांना नसते, तेव्हा ती चुकली असे समजू नका. खासगीतल्या ‘कमी दुखणाऱ्या’ लसीने ताप कमी येतो, पण सरकारी लसीचे संरक्षण त्यामुळे कमी ठरत नाही. प्रत्येक भेटीत बाळाचे वजन करून कार्डावर लिहून घ्या. वजनाची रेघ वर चढत नसेल, तर डॉक्टरांना विचारा. पहिल्या दीड महिन्यात आशाताई घरी येऊन बाळाला पाहतात, त्याचेही पैसे नसतात.

खरेदीला तीन हजार पुरे: सुती लंगोट, दुपटी, टोपडी, मच्छरदाणी, थर्मामीटर. कपडे थोडेच घ्या, दोन महिन्यांत आखूड होतात. सहा महिने फक्त आईचे दूध, म्हणून डबा-बाटलीचा खर्च धरू नका. जाण्या-येण्याला आणि किरकोळ औषधांना दोन हजार ठेवा.

उरलेल्या दहा हजारांना हात लावायचा नाही. कारण बऱ्याच कौटुंबिक विमा पॉलिसींत बाळ नव्वद दिवसांचे झाल्यावरच सामील होते. आपल्या बाळाचे ते दिवस जून ते ऑगस्ट, म्हणजे नेमके बेकारीचे आणि पावसाळ्याचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, ते दूध ओढेना किंवा धाप लागली, तर घरगुती इलाज करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार व औषधे मोफत असतात. खासगीत भरती करावे लागले, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार व ते रुग्णालय बसते का, हे आरोग्यमित्राला आधी विचारा. पॉलिसी असेल तर ‘नवजात बाळ’ हे कलम आजच वाचा आणि जन्मानंतर मुदतीत कंपनीला लेखी कळवा. त्यासाठी जन्मदाखला लागतो. जन्माची नोंद एकवीस दिवसांत होते ना, हे पाहा.

अकीक्याचा खर्च या पंधरा हजारांत धरलेला नाही. अकीका फर्ज नाही. ऐपत असेल तर जरूर करावा, पण बाळाच्या दवाखान्याचे पैसे मोडून किंवा उसने घेऊन नको. घरातल्या वडीलधाऱ्यांशी हे बाळ येण्याआधीच बोलून घ्या.