टक्का कुणाचा धरायचा, मुलीचा की नाल्याचा?

शाळेच्या नोटिशीला एका पालकाचं जाहीर उत्तर



माझी मुलगी यंदा दहावीला आहे. ऑगस्ट संपला आणि शाळेची नोटीस घरी आली. हजेरी 63 टक्के भरली आहे, एसएसएलसीच्या परीक्षेला बसायचं तर 75 टक्के लागते, पालकांनी लेखी खुलासा करावा, असा मजकूर आहे. खुलासा मी लिहून दिला आहे. पण आमच्या वाडीत अशीच नोटीस आणखी घरांत आली आणि पलीकडच्या वाड्यांतही आल्याचं कळलं. एकच आजार एवढ्या घरांत असेल तर औषध घरोघरी वेगळं मागण्यात अर्थ नाही. म्हणून तोच खुलासा छापून वाटतो आहे.

आधीच सांगतो, नोटीस कानडीत आली म्हणून हे पत्रक नाही. कानडी आम्हाला वाचता येतं. सीमाभागात कुठलंही पत्रक हातात पडलं की वाचणारा आधी भाषावादाचा वास घेतो, म्हणून खुलासा. शिक्षकांविरुद्धही हे नाही. त्यांना वरून विचारणा होते, ते आम्हाला विचारतात. आणि 75 टक्क्यांचा नियम चुकीचा आहे, असंही मी म्हणत नाही. वर्गात न बसता पास होणारं पोर एखादंच असतं. माझं म्हणणं एवढंच, की नोटिशीतला आकडा माझ्या मुलीचा नाही. तो आमच्या नाल्याचा आहे.

हिशेबच मांडतो. ऑगस्टअखेर शाळेचे 70 दिवस भरले. मुलीचे 44 लागले, 26 बुडाले. त्या 26 पैकी 15 दिवस नाल्याला पाणी होतं. 4 दिवस ताप. 2 दिवस लावणी. उरले 5, ते बसचे. पण ते सलग दिवस नाहीत, ते दहा अर्धे दिवस आहेत. हजेरी दिवसातून दोनदा घेतात. बस उशिरा आली की पोरं पोचेपर्यंत सकाळची हजेरी झालेली असते आणि दिवसभर वर्गात बसूनही अर्धा दिवस गैरहजेरीत जातो. मुलीच्या दप्तरात त्या दिवसांच्या वह्या आहेत, तारखांसकट.

लावणीचे 2 दिवस मी माफीत मागत नाही. चिखल तयार होता, रोप वर आलं होतं, माणूस मिळत नव्हता, म्हणून पोरगी शेतात आली. ते माझ्या खात्यावर धरा. तापाचे 4 कुणालाही चुकत नाहीत. आता नाल्याचे 15 आणि बसचे 5 बाजूला ठेवा. मग 50 दिवसांपैकी 44 उरतात, म्हणजे 88 टक्के. 63 आणि 88 यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते माझ्या मुलीच्या वागण्यातलं नाही, वाटेवरचं आहे.

नाला म्हटलं की शहरातल्या साहेबांच्या डोळ्यांसमोर गटार येतं. आमचा नाला घाटमाथ्याकडून येतो. तिकडचा पाऊस कसा असतो, ते सरकारी नोंदींतच आहे. आपल्याच खानापूर तालुक्यातल्या आमगावात 2010 साली 10 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. वर कोसळलेलं पाणी खाली आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. त्यामुळे पुष्कळदा असं होतं, की शाळेच्या आवारात ऊन असतं आणि आमचा नाला काठोकाठ असतो. शिक्षक खिडकीतून बाहेर बघतात आणि म्हणतात, आज तर उघडीप आहे, पोरं का आली नाहीत?

नाल्यावर साकव आहे, तो आम्हीच दरसाल मृगाआधी घालतो. दोन्ही काठांना खुंट, मध्ये बल्ल्या, वर आडवे वासे, धरायला एका बाजूला दोर. पहिल्या मोठ्या पुराला वासे जातात, दुसऱ्याला बल्ल्या. पाणी ओसरलं की परत घालायचा. काठावर एक मोठा धोंडा आहे. त्याचा माथा दिसत असेल तर पोरं जातात, माथा बुडाला की नाही. हा नियम आमच्या आज्यापासून आहे आणि आजवर त्याने घात केलेला नाही.

पण सकाळचं पाणी हा अर्धाच प्रश्न आहे. खरी भीती परतीची असते. सकाळी धोंडा दिसत असतो, पोर पलीकडे जातं, दुपारी वर घाटात कोसळतं आणि शाळा सुटून पोरं काठावर येतात तेव्हा अंधारून आलेलं, समोर तांबडं पाणी. मग रात्र कुठे काढायची? म्हणून सकाळी पाणी कमी असूनही वरचं आभाळ काळं असलं, तर आम्ही पोरांना पाठवत नाही. हजेरीपटावर त्या दिवशी फक्त ‘गैरहजर’ लागतं, आणि आळशी पोराला लागतं तेही तेच.

कुणी म्हणेल, अतिवृष्टीला सुट्टी जाहीर होतेच की. होते, आणि ती तालुक्याला होते. त्या दिवशी शाळाच भरत नाही, त्यामुळे कुणाची हजेरी बुडत नाही. पुढे शनिवारी पूर्णवेळ शाळा भरवून तो दिवस भरूनही काढतात. अडचण येते ती तालुक्यात शाळा चालू आणि आमची वाट बंद असते तेव्हा. खानापूर तालुका केवढा पसरलेला आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका टोकाला माळरान, दुसऱ्या टोकाला दाट जंगल. दोन्हींना एकच सुट्टी आणि एकच हजेरी लावायची, तर एका टोकावर अन्याय होणारच.

आणखी एक गोष्ट हजेरीपटावर दिसत नाही. आमची पोरं एकटी चालत नाहीत. रानात गवे आहेत, अस्वलं आहेत. घोळका करून, पुढे-मागे मोठी पोरं ठेवून मगच ती निघतात. घोळक्यातला मोठा मुलगा तापाने पडला तर बारकी पोरं घरीच राहतात. म्हणजे आजार एकाला आणि गैरहजेरी पाच जणांना.

हे खरं की बनावट, ते तपासायला शाळेला कुठे जायला नको. हजेरीपट उघडावा आणि नावांऐवजी वाड्यांप्रमाणे वाचावा. ज्या तारखांना माझी मुलगी नाही, त्याच तारखांना आमच्या वाडीचं दुसरं कुणी आहे का ते बघावं. ताप घराघरांत मागे-पुढे येतो, कंटाळा ज्याचा त्याला येतो, पण पूर सगळ्या वाडीला एकाच दिवशी येतो. अख्ख्या वाडीवर एकाच तारखेला रेघ असेल तर ते कारण पोराचं नव्हे. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते नोटीस काढण्याआधी व्हायला हवं होतं.

नोटिशीच्या वेळेबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे शाळा मेअखेर उघडते आणि दसऱ्याच्या सुट्टीपर्यंतचं पहिलं सत्र जवळजवळ सगळं पावसात जातं. ऑगस्टअखेरची टक्केवारी म्हणजे निव्वळ पावसाळ्याची टक्केवारी. 75 टक्के मोजायचे ते वर्षाचे. वर्षाचे 220 दिवस धरले तर 165 लागतात. मुलीचे 44 झाले आहेत, उरलेल्या 150 पैकी 121 भरले की झालं. पाणी उतरल्यावर आमची पोरं नागा करत नाहीत, मागच्या वर्षांचे हजेरीपट शाळेकडेच आहेत. मग सप्टेंबरच्या तोंडावर दहावीच्या पोरीला ‘परीक्षेला बसता येणार नाही’ असं सांगून काय साधलं? ती दोन रात्री जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी पाणी धोंड्याच्या माथ्यावर असताना निघाली होती. तिची आजी आडवी झाली म्हणून थांबली. धाकाने हजेरी वाढते, पण ती कुठल्या वाटेने वाढते, ते धाक घालणाऱ्याला दिसत नाही.

कायदा याबाबतीत आंधळा नाही. शिक्षण हक्क कायद्याखाली केंद्राने 2010 साली जे नियम केले, त्यांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं आहे. पूर, दरडी, रस्त्यांचा अभाव असलेल्या अवघड भागात हे अंतर आणखी कमी करावं, आणि जिथे शाळाच नाही अशा लहान वस्त्यांतल्या मुलांसाठी मोफत वाहन किंवा राहण्याची सोय करावी, असंही त्यात लिहिलं आहे. हा कायदा 14 वर्षांपर्यंतचा, म्हणजे माझी मुलगी त्याबाहेर गेली. पण त्याच साकवावरून सहावी-सातवीची पोरं येतात, ती बाहेर गेलेली नाहीत.

पुलाचं विचारलं की जंगलाचं कारण पुढे येतं. भीमगड अभयारण्य 2011 साली झालं, तेव्हापासून तर जास्तच. वनहक्क कायदा मात्र 2006 चा आहे. शाळा, दवाखाना, रस्ता अशा गावच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवरून देता येते, असं त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. आमच्या रस्त्याला आणि त्यावरच्या मोरीला हेक्टर सोडा, काही गुंठे पुरतील. ग्रामसभेचा ठराव करणं आपल्या हातात आहे, तो आजवर झालेला नाही. इथे बोट दुसऱ्याकडे दाखवता येणार नाही.

पूल होईपर्यंत काय? साताऱ्याकडे बघावं. महाबळेश्वर, जावळी, पाटण इथल्या अतिवृष्टीच्या भागांतल्या काही जिल्हा परिषद शाळांना उन्हाळ्याऐवजी ऐन पावसाळ्यात सुट्टी देतात आणि ते दिवस उन्हाळ्यात भरून काढतात. हिमाचलात बर्फाच्या भागातल्या शाळांची मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. दिवस तेवढेच, फक्त पोरांना पोचता येईल तेव्हाचे. जांबोटीच्या पश्चिमेकडच्या शाळांना हे का जमू नये, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. दहावीला बोर्डाच्या परीक्षेची तारीख आड येईल, हे खरं. पण पहिली ते नववीला ती आड येत नाही.

शाळेकडे माझं आजचं मागणं लहान आहे. पावसाळ्याचे चार महिने हजेरीपटात वाडीवार शेरा लिहावा, ‘नाल्याला पाणी’ किंवा ‘बस उशिरा’ एवढाच, आणि शाळा सुधारणा समितीच्या एका सदस्याने त्यावर सही करावी. हजेरी वाढवून लिहू नका. गैरहजर ते गैरहजरच लावा, फक्त कारण नोंदवा. वर्षअखेर एखाद्या पोराचे पाच-सहा दिवस कमी पडले आणि प्रकरण वर पाठवायची वेळ आली, तर मुख्याध्यापकांच्या हातात कागद असेल. आज त्यांच्या हातात नुसता टक्का आहे.

ज्या पालकांना नोटीस आली आहे, त्यांनी समितीच्या पुढच्या बैठकीला यावं. भाषण तयार करून आणू नये. कोऱ्या कागदावर पोराच्या बुडालेल्या तारखा आणि पुढे कारण, एवढंच लिहून आणावं. लावणीचे दिवस लावणी म्हणूनच लिहावेत.

आपला,
दहावीतल्या मुलीचा बाप
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव