लिंक्डइनवरच्या बढत्या आणि उडालेली झोप

एप्रिल-मे हा आपल्याकडे पगारवाढीचा आणि नोकऱ्या बदलण्याचा हंगाम. मार्चअखेर आर्थिक वर्ष संपतं आणि लिंक्डइनवर ‘कळवताना आनंद होतोय’ छापाच्या पोस्टची रांग लागते. याच सुमारास माझ्याकडे झोप न लागणं, धडधड, कामात मन नसणं अशा तक्रारी घेऊन तरुण मंडळी येतात.

पुण्यातल्या ३१ वर्षांच्या एका अभियंत्याचं उदाहरण घेऊ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नोकरी ठीक, घरचंही ठीक. वर्गमित्र मॅनेजर झाल्याचं रात्री साडेअकराला वाचलं, अभिनंदन लिहिलं आणि मग दोन वाजेपर्यंत बाकीच्या मित्रांची प्रोफाइल चाळत बसला. ईसीजी आणि थायरॉईड दोन्ही नॉर्मल आले. “डॉक्टर, त्याचं वाईट व्हावं असं नाही हो वाटत. माझंच काहीतरी चुकतंय असं वाटतं.”

लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्यांशी ताडून. म्हणून बड्या उद्योगपतीची श्रीमंती टोचत नाही. शेजारच्या बाकावरच्या मित्राची बढती टोचते.

त्याच्यासोबत कागदावर एक हिशेब केला. त्याच्या यादीत ४०० जण. प्रत्येकाला सरासरी तीन वर्षांतून एकदाच बढती किंवा नवी नोकरी मिळते असं धरलं, तरी वर्षाला सुमारे १३३ बातम्या होतात. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी कुणाचं तरी यश. यात कुणीही असामान्य वेगाने पुढे गेलेलं नाही. पण याची स्वतःची बातमी तीन वर्षांतून एकदाच, आणि ज्यांची बढती हुकली ते पोस्ट टाकत नाहीत. तो ४०० जणांच्या एकत्रित वेगाशी एकटा धावत होता.

ॲप काढून टाका, असं मी सहसा सांगत नाही. नोकरी शोधायला ते लागतंच, आणि काढलेलं ॲप चार दिवसांत परत येतं. त्याऐवजी सूचना बंद केल्या, आणि जास्त टोचणाऱ्या पाच-सहा जणांना अनफॉलो केलं. ओळख यादीत राहते, समोरच्याला कळतही नाही. रात्री जेवणानंतर ॲप उघडायचं नाही, नोकरी पाहायची तर थेट नोकऱ्यांच्या विभागात जायचं. शिवाय हेवा वाटला की नेमकं काय हवंय ते एका ओळीत लिहायचं. त्याच्या वहीत ‘पद’ क्वचितच आलं. ‘शिकायला मिळणारं काम’ वारंवार आलं. मग साहेबांशी बोलायला मुद्दा मिळाला.

मात्र उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं, झोप-भूक बिघडली, तर तो निव्वळ हेवा नव्हे. नैराश्याची तपासणी करून घ्या. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आईवडिलांना एक विनंती: जेवताना चुलतभावाचं पॅकेज काढू नका. ती बातमी त्याने आधीच वाचलेली असते.