एक कोटी सात लाखांचं भाषण

हदगावच्या एका शाळेचा माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दोष शाळेचा नाही. सत्कार, हार, शाल-श्रीफळ सगळं यथासांग झालं. मग पुण्याहून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी माईक हातात घेतला आणि समोर खाली बसलेल्या नववी-दहावीच्या पोरांना पैशाचे धडे दिले. पंधराव्या वर्षी महिन्याला 500 रुपयांची एसआयपी सुरू करा, वर्षाला 12 टक्के धरा, साठीला कोट्यधीश व्हाल. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण मी पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडत होतो.

साहेबांचं गणित बरोबर होतं, हे आधी कबूल करतो. 500 रुपये, 540 महिने, 12 टक्के. भरलेले 2 लाख 70 हजार आणि हाती येणारे सुमारे 1 कोटी 7 लाख. पण 12 टक्के पंचेचाळीस वर्षं सलग मिळतील, असं कोणता फंड लिहून देतो? एकही नाही. ते सोडू. महागाईचं काय? ती सरासरी सहा टक्के धरली तर पंचेचाळीस वर्षांनंतरच्या त्या एक कोटी सात लाखांची आजची किंमत भरते पावणेआठ लाखांच्या आसपास. व्याज मोजताना चक्रवाढ आठवते आणि महागाई मोजताना विसरते, याला अर्थसाक्षरता म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात. साहेब काही विकायला आले नव्हते, हे मला मान्य आहे. म्हणून तर जास्त राग येतो: फुकटात दुसऱ्याची जाहिरात केली.

शिवाय, दरमहा म्हणजे कुठला महिना? समोर बसलेल्या बहुतेक पोरांच्या घरी पैसा महिन्याला येत नाही, मोंढ्यावर माल गेला की येतो. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, कापूस त्यानंतर वेचणीवेचणीने, हळद उन्हाळ्यात. आडत्याकडची उचल आणि दुकानदाराची उधारी फेडून उरलं तर घरात येतं. अशा घरात दर पाच तारखेला बँकेतून 500 रुपये वळते करायला सांगणं म्हणजे खात्यात पैसे नसल्याचा दंड भरायची सोय लावून देणं.

साहेबांचं दुसरं वाक्य तर खास होतं. शाळेत पैशाबद्दल काहीच शिकवत नाहीत, म्हणे. समोर त्यांचे जुने गणिताचे सर बसले होते, ते खाली बघू लागले. साहेब, तुम्ही शाळा सोडून बराच काळ लोटला. 2018 पासून चालत आलेल्या आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं आख्खं प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर आहे, दलाली आहे, म्युच्युअल फंड आहे आणि तुमची लाडकी एसआयपीसुद्धा आहे. आठवीत चक्रवाढ व्याज आहे. म्हणजे तुम्ही भाषणात जे सांगितलं ते पोरांना पाठ्यपुस्तकात छापून मिळालेलं आहे. नाही मिळालेलं ते वेगळं, आणि ते तुम्हीही सांगितलं नाहीत: कर्ज.

गुंतवणूक कशी करावी हे हदगावच्या पोराला पंचविशीनंतर कळलं तरी चालेल. पण अठरा पूर्ण झाल्याच्या आठवड्यात त्याच्यासमोर जो कागद येतो, तो मोटारसायकलच्या कर्जाचा. त्या कागदाचा हिशोब मांडून दाखवतो.

कर्ज 80,000, मुदत तीन वर्षं, व्याज 12 टक्के फ्लॅट. शोरूममधला पोरगा म्हणतो, रुपया शेकडा पडतो, बँकेइतकंच. वर्षाला 9,600 प्रमाणे तीन वर्षांचं व्याज 28,800. मुद्दल धरून 1,08,800. भागिले 36, हप्ता 3,022. सगळं स्वच्छ दिसतं. खोट इथे आहे की व्याज तिन्ही वर्षं पूर्ण 80,000 वर लावलंय. पोरगं तर पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत करतंय. त्यांच्याच पद्धतीने फोड केली तर दर हप्त्यात 2,222 मुद्दल आणि 800 व्याज. शेवटच्या महिन्यात अंगावर फक्त 2,222 रुपये उरलेले असतात, तरी व्याज 800 च. एका महिन्याला 36 टक्के! गावातला खासगी सावकारही इतकं मागताना जरा इकडेतिकडे बघेल.

खरा दर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर मोजलेला, निघतो सुमारे 21 टक्के. 12 च्या पावणेदोनपट. हेच कर्ज खरोखर 12 टक्क्यांनी, घटत्या शिलकेवर घेतलं असतं तर हप्ता 2,657 पडला असता. महिन्याला 365 रुपयांचा फरक, तीन वर्षांत 13,100 च्या वर. साहेब, तुमच्या एसआयपीचे 500 पोराने आणायचे कुठून, हे तुम्ही सांगितलं नाहीत. त्यातले 365 या कागदात गेले.

हे ओळखायचं कसं, तेही अवघड नाही. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना किरकोळ कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद देणं सक्तीचं केलं आहे, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, असतो आणि त्यात प्रोसेसिंगसारखे खर्च धरलेले असतात. शोरूमचा पोरगा 12 म्हणाला आणि कागदावर 22 किंवा 23 दिसलं की समजायचं. त्या कागदात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. पण सही करताना तो कागद मागणारा पोरगा हदगावात मला अजून भेटायचाय. सह्या ढीगभर कागदांवर होतात आणि नजर गाडीच्या रंगावर असते.

कर्जासोबत ठेवीचंही एक उदाहरण साहेबांना द्यायचं असतं, तर दूर जायची गरज नव्हती. बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट. ईडीच्या म्हणण्यानुसार 12 ते 14 टक्के व्याजाचं आमिष दाखवून तिने ठेवी गोळा केल्या. बँका तेव्हा सातच्या आसपास देत होत्या. ऑक्टोबर 2023 मध्ये प्राप्तिकर खात्याचे छापे पडले, ठेवीदारांची रांग लागली, पैसे निघेनात आणि 2024 मध्ये अध्यक्ष सुरेश कुटे यांना अटक झाली. मुलीच्या लग्नाचे, जमीन विकून आलेले, निवृत्तीचे पैसे त्यात अडकले. गुन्हा काय आणि कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण ठेवीदाराने विचारायचा प्रश्न त्याआधीच होता: ही बँक आहे का?

बँकेतल्या ठेवीला 2020 पासून व्याजासकट पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, नागरी सहकारी बँकेलाही. पतसंस्थेला नाही, मग ती मल्टिस्टेट असली तरी. काउंटर तसंच, पासबुक तसंच, रोज संध्याकाळी दारात येणारा पिग्मी एजंटही ओळखीचा, बहुधा आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. पाटीवर ‘क्रेडिट सोसायटी’ लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. ही दोन शब्दांची तपासणी पाचवीतलं पोरही आजोबांसाठी करू शकतं. त्यासाठी डिमॅट लागत नाही.

पुढच्या मेळाव्याला साहेब पुन्हा येणार आहेत, असं आभार मानणाऱ्याने जाहीर केलं. यावं. फक्त कोटीची स्लाइड पुण्यात ठेवून यावं आणि पोरांना आदल्या दिवशी सांगावं की घरातल्या कर्जाचा एक कागद आणि ठेवीची एक पावती घेऊन या. मी गणिताच्या सरांना शेजारी बसवतो. पावत्या बघून किती पालक सभेतून उठून बाहेर फोन लावायला जातात, तेही मोजू.