तीन साहेब, एक दुपार

माझी भाची वडोदऱ्यात एका सीएंकडे आर्टिकलशिप करते. दहा तारखेला दुपारी तिच्यापुढे तीन कामं: सरांचं जीएसटीआर-1, मॅडमचा बँकेचा ताळमेळ, भाईंची ऑडिटची व्हाउचरं. तिघांचंही म्हणणं, ‘आजच हवं.’

‘किती अर्जंट?’ असं तिने विचारलंच नाही. उत्तर ठरलेलंच असतं. तिने विचारलं, “हे पुढे कोणाकडे, कधी जायचंय?” रिटर्नची मुदत अकरा तारीख, नंतर लेट फी. ताळमेळ अशिलाला उद्या बाराला बँकेत न्यायचा होता. व्हाउचरं सोमवारपर्यंत चालणार होती. (भाईंनी हे जरा कुरकुरतच सांगितलं.)

मग तिघांना एकच मेसेज: “आज सातपर्यंत जीएसटीआर-1, उद्या अकरापर्यंत ताळमेळ, मग व्हाउचरं. क्रम बदलायचा असल्यास कृपया चारपर्यंत कळवावं.” वेगवेगळा पाठवला असता, तर प्रत्येकाला आपलंच काम मागे टाकल्यासारखं वाटलं असतं.

दोन मुदती एकाच तासाला आल्या असत्या, तर मात्र क्रम तिने ठरवायचा नव्हता. ते पार्टनरांनाच विचारायला हवं होतं. पावणेचारला भाईंचा निरोप आला: “व्हाउचरं दुसऱ्या मुलाला देतो.”