हिरवी टिक दिसली, पण मशीन बोललंच नाही : पैसे आले की नाही, कसं ठरवायचं?

दिवाळीनंतर चार दिवस बार्शीला मामाकडे होतो. मामाचं किराणा दुकान आहे आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी मी गल्ल्यावर बसायचो. एक कॉलेजचा मुलगा आला, पोहे, शेंगदाणे, चहापत्ती असं ३४० रुपयांचं सामान घेतलं, स्कॅनरवर फोन धरला आणि मला स्क्रीन दाखवली. हिरवी टिक, रक्कम, वेळ, सगळं व्यवस्थित. पण शेजारचा साउंडबॉक्स गप्प.

"काका, गेलेत पैसे, बघा ना," तो मामाला म्हणाला. मामाने पिशवीवरचा हात काढला नाही. कारण दहाच दिवसांपूर्वी अशीच हिरवी टिक दाखवून एक जण तेलाचा १५ किलोचा डबा आणि १० किलो साखर, मिळून २,८६० रुपयांचा माल घेऊन गेला होता. ते पैसे कधीच आले नाहीत.

मागे सात-आठ गिऱ्हाईकं उभी होती. मुलाचा चेहरा पडला. मामालाही बरं वाटत नव्हतं. दोघंही खरं बोलत होते आणि तरी भांडण व्हायची वेळ आली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले. एवढ्या व्यवहारांत असा प्रसंग रोज कुठल्या ना कुठल्या काउंटरवर घडत असणार, म्हणून नीट लिहून काढतोय.

आधी हे बघू की ती हिरवी टिक नक्की कोण कोणाला दाखवतं. तुम्ही पिन टाकला की तुमचं अ‍ॅप तुमच्या बँकेकडे निरोप पाठवतं, मधे एनपीसीआयची यंत्रणा असते, ती पैसे घेणाऱ्याच्या बँकेशी बोलते आणि उत्तर उलट्या वाटेने तुमच्या अ‍ॅपपर्यंत येतं. त्या उत्तरावरून अ‍ॅप टिक काढतं. म्हणजे ती टिक हा तुमच्या अ‍ॅपने तुम्हाला दिलेला निरोप आहे. दुकानदार फक्त तुमच्या खांद्यावरून तो वाचतोय. त्याच्या काउंटरवरच्या स्टिकरला तर यातलं काहीच कळत नाही. साध्या क्यूआरमध्ये जवळपास एवढंच लिहिलेलं असतं:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Kirana
```

`pa` म्हणजे पैसे कुठे पाठवायचे तो पत्ता, `pn` म्हणजे नाव. बिल किती, गिऱ्हाईक कोण, पैसे आले का, यातलं काही नाही. मोठ्या दुकानात बिल झाल्यावर मशीनच्या पडद्यावर जो क्यूआर उमटतो तो वेगळा असतो. त्यात रक्कम आणि बिलाचा क्रमांकही भरलेला असतो:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Kirana&am=340.00&tr=BILL1187&cu=INR
```

इथे `tr` मुळे आलेले पैसे कोणत्या बिलाचे हे दुकानाच्या सिस्टीमला कळतं आणि कॅशियर तुमचा फोन बघतही नाही. किराणा दुकान, वडापावची गाडी, रिक्षा, इथे मात्र चिकटवलेलं स्टिकरच असतं. म्हणून तिथे "दाखवा बरं" सुरू होतं.

मामाला फसवणाऱ्याने हीच फट वापरली. खऱ्या पेमेंट अ‍ॅपसारखी दिसणारी नकली अ‍ॅप्स फिरत असतात. त्यात दुकानाचं नाव आणि रक्कम टाइप केली की हुबेहूब टिकवाली स्क्रीन तयार होते. बँकेशी त्याचा काही संबंध नसतो, ते एक हलतं चित्र असतं. जुना स्क्रीनशॉट एडिट करून दाखवणं हा त्याचाच गरीब भाऊ. नकली स्क्रीन कशी ओळखायची, फॉन्ट बघा, स्पेलिंग बघा, असे व्हिडिओ भरपूर सापडतील. मला तो नाद चुकीचा वाटतो. गर्दीत, दुसऱ्याच्या हातातल्या फोनवर, दोन सेकंदांत फॉन्ट कोण तपासणार? आणि नकली अ‍ॅप बनवणारेही तेच व्हिडिओ बघतात.

या फसवणुकीत आणखी एक गोम आहे. मामा १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करणार होता. तो नंबर मुख्यतः खात्यातून गेलेले पैसे पुढे सरकण्याआधी अडवण्यासाठी उपयोगी पडतो. इथे पैसे कुठून कुठे गेलेच नव्हते. बँकेत नोंदच नाही, तर अडवणार काय? ही साधी काउंटरवरची फसवणूक होती, आणि तिचा पुरावा म्हणजे दुकानाचा सीसीटीव्ही आणि तो माणूस आलेला दिवस-वेळ. पोलीस ठाण्यात तक्रार देताना तेच द्यावं लागलं.

मग दुकानदारासाठी पुरावा कोणता? जो त्याच्या स्वतःच्या बाजूने येतो तो. साउंडबॉक्स त्यात सगळ्यात सोपा. त्याच्यात स्वतःचं सिम असतं आणि पेमेंट कंपनीच्या सर्व्हरवर पैशाची नोंद झाली की तिथून त्याला निरोप येतो. गिऱ्हाईकाच्या फोनचा त्यात हात नसतो. आवाज आपल्या डब्यातून आला की गिऱ्हाईकाच्या खिशातून, एवढं मात्र बघायचं, कारण रेकॉर्ड केलेला आवाज फोनही काढू शकतो.

पण साउंडबॉक्स बोलला म्हणजे पैसे आले, हे जेवढं खरं, तेवढं उलटं खरं नाही. रेंज गेली, चार्जिंग संपलं, की डबा गप्प. दुसरं म्हणजे तो फक्त आपल्या कंपनीच्या क्यूआरवर आलेल्या पैशांचंच बोलतो. बँकेच्या एसएमएसवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. काही बँका छोट्या रकमांचे मेसेज पाठवतच नाहीत, आणि खोटा "क्रेडिटेड" मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून कोणीही पाठवू शकतो.

त्या संध्याकाळी मामाने आधी बँकेचं अ‍ॅप उघडलं. तिथे ३४० दिसेनात. दिसत होती ती आदल्या दिवसाची १८,४१२ रुपयांची एकच ओळ. इथे बरेच दुकानदार गोंधळतात. व्यापारी क्यूआरवरचे पैसे बऱ्याचदा आधी पेमेंट कंपनीकडे जमा होतात आणि दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा बँकेत येतात. त्या गठ्ठ्याचा क्रमांक वेगळा असतो, गिऱ्हाईकाच्या पावतीवरचा वेगळा. त्यामुळे बँकेत ३४० शोधून उपयोग नाही. ते त्या कंपनीच्या दुकानदारांसाठीच्या अ‍ॅपमध्ये शोधायचे, तिथे एकेक व्यवहार वेगळा दिसतो.

तिथेही ३४० नव्हते.

तेव्हा मी मुलाला म्हटलं, "टिक नको दाखवू, पूर्ण पावती उघड." पावतीचा खरा उपयोग इथे होतो. ती दुकानदारासाठी पुरावा नाही, पण पैसे कुठे शोधायचे याचा पत्ता तिच्यावर असतो. दोन गोष्टी बघायच्या. एक, पैसे कोणाच्या नावावर आणि कोणत्या यूपीआय आयडीवर गेले. दुसरी, १२ आकडी क्रमांक. फोनपेमध्ये तो `UTR` म्हणून दिसतो, गूगल पेमध्ये `UPI transaction ID` म्हणून. अ‍ॅपचा स्वतःचा आणखी एक क्रमांक शेजारी असतो, अक्षरं मिसळलेला. तो दुसऱ्या बाजूला जुळवायला कामाचा नाही, १२ आकडीच लागतो.

पावतीवर नाव होतं मामीचं.

काउंटरच्या कडेला दोन-तीन वर्षांपूर्वीचं एक स्टिकर अजून होतं, मामीच्या बचत खात्याचं. मुलाने तेच स्कॅन केलं होतं. साउंडबॉक्सला त्या खात्याचा पत्ताच नव्हता. मामाने घरी फोन लावला. मामीला काही मेसेज आला नव्हता, पण तिने अ‍ॅप उघडून बघितलं. "अहो, आलेत की तीनशे चाळीस, आत्ताच." मी म्हटलं, मामी, नंबरचे शेवटचे चार आकडे सांग. जुळले. मुलगा पिशवी घेऊन गेला, मामाने वर एक चिक्कीचं पाकीट टाकलं.

पावतीवर नाव बरोबर दिसलं यालाही कारण आहे. पूर्वी अ‍ॅप टोपणनाव किंवा फोनमध्ये सेव्ह केलेलं नावही दाखवायचं. एनपीसीआयने ३० जून २०२५ पासून पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं बंधनकारक केलं. कोणी दुकानाच्या क्यूआरवर स्वतःचं स्टिकर चिकटवलं तरी पिन टाकण्याआधी वेगळं नाव दिसतं. म्हणून ते नाव मोठ्याने वाचायची सवय मी लावून घेतलीय.

नकली टिक आणि भलतीकडे गेलेले पैसे यांच्याशिवाय तिसरी शक्यता उरते. पैसे खरंच मधे अडकतात. खात्यातून कापले गेले, पण समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, मग अ‍ॅपवर `Pending` किंवा `Processing` असं दिसतं. ही हिरवी टिक नाही, घाईत तशी वाटते एवढंच. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, कारण पहिलेही पोहोचू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानाला पैसे पोहोचल्याची खात्री मिळाली नाही तर व्यवहारानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. व्यक्तीच्या खात्यावर पाठवले असतील, जसे मामीच्या, तर ही मुदत १ दिवसाची आहे.

नियम ठीक, पण काउंटरवर उभ्या माणसाला सामान आत्ता हवं असतं. मामाने त्याची पद्धत ठरवलीय. ओळखीचा असेल तर उधारीच्या वहीत नाव, रक्कम, १२ आकडी नंबर लिहून माल द्यायचा. अनोळखी असेल तर रोख मागायची, पण तोच नंबर लिहून घ्यायचा आणि गिऱ्हाईकाचा फोन नंबरही, कारण अडकलेले पैसे संध्याकाळी येऊन पडले तर ते परत करायला हवेत. मोठ्या रकमेचा माल आपल्या अ‍ॅपमध्ये ओळ दिसल्याशिवाय काउंटर सोडत नाही, मग कितीही मोठी टिक दाखवा.

मामीचं स्टिकर मी निघायच्या दिवशी खरवडून काढलं. रॉकेल लावावं लागलं, इतकं घट्ट बसलं होतं.